सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी स्पेलिंगचा एक रकाना द्या

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी जळगावात कागदपत्रांचे अनुवाद करतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, भागीदारीपत्रं, जुनी खरेदीखतं असे कागद मराठीतून इंग्रजीत करायचे, हे माझं रोजचं काम. हे कागद बँकेत, पासपोर्ट कार्यालयात, वकिलातीत आणि कोर्टात जातात. मजकुराचा अनुवाद चुकला म्हणून कागद परत आल्याचं फार क्वचित घडतं. परत येतात ते नावामुळे. आणि त्यावरचा निम्मा उपाय आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी रावेर तालुक्यातले एक केळी उत्पादक माझ्याकडे आले. त्यांचं खरं नाव देत नाही. पण अक्षरं जिथे अडकली तिथेच अडकतील असं नाव घेतो: ज्ञानेश्वर पांडुरंग भोळे. मुलीला परदेशात प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार आणि तारण शेतजमिनीचं. बँकेने सातबारा आणि आठ-अ इंग्रजीत करून मागितले होते.

सातबाऱ्यावर नाव स्वच्छ होतं. आधारवर इंग्रजीत Dnyaneshwar Pandurang Bhole, पण त्याच कार्डावर वरच्या ओळीत मराठीत छापलेलं ‘द्न्यानेश्वर पांडुरंग भोले’. पॅनवर Gyaneshwar, कारण माल बऱ्हाणपूरला जायचा आणि पॅनचा फॉर्म तिथल्याच कुणीतरी भरून दिला होता. मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव DNYANESHWAR. आणि दहा वर्षांपूर्वी एका पीककर्जासाठी दुसऱ्या कुणीतरी केलेला जुना इंग्रजी सातबारा होता, त्यात Jnaneshwar. ते मला म्हणाले, “भाऊ, मी जन्मापासून एकाच नावाने हाक ऐकतोय. बँक म्हणते ही चार माणसं आहेत.”

मंत्रीमहोदय, यातलं एकही रूप उच्चार न कळणाऱ्या माणसाने लिहिलेलं नाही. आपण मराठी माणसं ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ करतो, म्हणून Dny. हिंदीत तो ‘ग्य’ होतो, म्हणून Gy. संस्कृतच्या मूळ जोडाक्षराला धरून चालणारा Jn लिहितो. तापीकाठाने खाली सुरतेला गेलात तर गुजरातीत Gn. खानदेशची एक सीमा मध्य प्रदेशला आणि एक गुजरातला लागून आहे, माणसं कामाला आणि व्यापाराला दोन्हीकडे जातात. त्यामुळे पुण्या-साताऱ्याच्या माणसाला ज्या नावाची एक-दोन रूपं सांभाळावी लागतात, त्याची आमच्याकडे चार होतात.

‘शास्त्रशुद्ध पद्धत ठरवून टाका’ असं पुष्कळजण सुचवतात. सुरुवातीला मलाही तेच वाटायचं. देवनागरीसाठी ISO 15919 नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात ‘ळ’ला टिंब दिलेला ḷ मिळतो आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ येते. ती ग्रंथालयाला उत्तम. पण पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात A ते Z यापलीकडे अक्षर बसत नाही. टिंब आणि रेघा काढल्या की मागे उरतं Jnanesvara, आणि हे स्पेलिंग त्या माणसाच्या एकाही कागदावर नसतं. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मी एकाचा सातबारा असाच नियमाने, अगदी बिनचूक लिप्यंतर करून दिला होता आणि तो परत आला. तेव्हापासून मला कळलं की नाव हा अनुवादाचा विषयच नाही. माणसाने आपलं स्पेलिंग एकदा एका सरकारी कागदावर लिहिलं की ते त्याचं झालं, मग ते व्याकरणात बसो वा न बसो. अनुवादकाने ते उतरवायचं असतं, नव्याने घडवायचं नसतं.

म्हणून माझ्या कामाची रीत आता अशी आहे. अनुवादाला हात लावण्याआधी मी विचारतो, हा कागद शेवटी कशाशी जुळायला हवा? पासपोर्ट असेल तर पासपोर्ट हा आधार. नसेल तर आधार कार्ड आणि पॅन दोन्ही समोर ठेवून. मग एक नामतक्ता करतो. पहिल्या रकान्यात मूळ कागदावर जसं आहे तसं देवनागरी नाव, काना-मात्रेसकट. दुसऱ्यात रोमन स्पेलिंग. तिसऱ्यात ते कुठल्या कागदावरून घेतलं ते. त्या घरातले सगळे कागद, मग ते आज आलेले असोत वा सहा महिन्यांनी, याच तक्त्यावरून होतात. अनुवादाच्या तळाशी एक टीप देतो: ‘मूळ दस्तातील “ज्ञानेश्वर पांडुरंग भोळे” हे नाव संबंधिताच्या आधार कार्डावरील स्पेलिंगप्रमाणे लिहिले आहे.’ शेवटी संगणकावर Gyan, Jnan, Gnan अशी बाकीची रूपं एकेक शोधून पाहतो, एखादं कुठे राहून गेलंय का ते कळायला.

याची एक मर्यादा आहे, आणि ती मी कधी ओलांडत नाही. सातबाऱ्यावर ‘ज्ञानदेव’ असेल आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर’, तर ते स्पेलिंग नव्हे, वेगळं नाव आहे. तसंच ‘लताबाई’ आणि ‘लता’. पक्षकार काकुळतीने सांगतो की घरात सगळे त्यांना दोन्ही म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण अनुवादात ते एक करून टाकलं तर मी मूळ नोंदच बदलली. तिथे रस्ता एकच, आधी नोंद दुरुस्त करून आणा. चूक लिहिण्यातली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो.

भोळेंच्या बाबतीत नोंद बरोबर होती, तरी कर्ज अडलं. आम्ही आधी पॅन आधारप्रमाणे दुरुस्त करून घेतलं. मग आधारवरची मराठी ओळ. त्यानंतर मी सातबारा, आठ-अ आणि उत्पन्नाचा दाखला एकाच तक्त्यावरून केला. तरीही त्यांना ‘Jnaneshwar आणि Dnyaneshwar ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करायला लावलं, कारण तो जुना अनुवाद बँकेच्या फायलीत पडून होता. मूळ सातबाऱ्यात देवनागरीत अक्षराचाही फरक नव्हता. कुणाच्या तरी इंग्रजी अक्षरांसाठी त्या माणसाने शपथ घेतली. याचं मला आजही वाईट वाटतं.

आधारवरच्या त्या मराठी ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगू द्या, कारण खरं नुकसान तिथे होतं. नोंदणीच्या वेळी नाव बहुधा इंग्रजीत टाइप होतं आणि मराठी रूप संगणक त्यावरून बनवतो. समोरच्याने ते वाचून सुधारलं तर ठीक. पण मराठीतून रोमनमध्ये जाताना जे गळतं ते परत येताना सापडत नाही. ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्ही l होतात, ‘ण’ आणि ‘न’ दोन्ही n, ‘ड’ आणि ‘द’ दोन्ही d. Mali वरून संगणकाला माळी कळेल की माली? Badgujar चं बदगुजर होतं. सोनवणे हे नाव घ्या: ‘व’ला v किंवा w, ‘न’नंतर a लिहायचा किंवा नाही, एवढ्यावरच Sonavane, Sonawane, Sonvane, Sonwane अशी चार रूपं होतात आणि चारही प्रचारात आहेत. यातलं Sonawane उलटं फिरवलं की ‘सोनावने’ येतं. हे ‘सोनावने’ मग सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यावर चढतं, कारण तिथला मुलगा समोरचं आधार बघून टाइप करतो. असा आपल्याच भाषेतला, आपल्याच तहसीलचा दाखला आपल्याच सातबाऱ्याशी जुळत नाही.

दुकानदारांचं तर आणखी विचित्र आहे. कायद्याने पाटी मराठीत, आणि ते योग्यच आहे. पाटीवर ‘श्री समर्थ कृषी केंद्र’. जीएसटीच्या दाखल्यावर कायदेशीर नाव पॅनप्रमाणे मालकाचं, आणि व्यापारी नाव म्हणून Shree Samarth Krushi Kendra. कीटकनाशक कंपनीच्या बिलावर Krishi, बँकेच्या चेकवर Shri. आणि कुणी हौशी अनुवादकाने भाडेकराराच्या इंग्रजी प्रतीत Agriculture Centre करून ठेवलेलं. फर्मच्या नावातला शब्द कितीही साधा असला तरी तो नावाचा भाग आहे, त्याचा अर्थ लावायचा नसतो. इथेही मी जीएसटीचा दाखला समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच उतरवतो. केळी निर्यात करणाऱ्याला हे फार जपावं लागतं, कारण निर्यातीचा परवाना क्रमांक पॅनवरच चालतो आणि परदेशातून पैसे येताना बँक नाव तपासते.

आता माझं मागणं. आधार आणि पॅन केंद्राकडे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण सातबारा आपला आहे, आणि त्याच्या मूळ नोंदीत खातेदाराचं नाव देवनागरीत आहे. फेरफार होताना, म्हणजे खरेदी, वारसनोंद, वाटणी काहीही असो, माणूस आधारची प्रत देतोच. त्याच वेळी त्याचं रोमन स्पेलिंग खातेदाराला दाखवून, त्याची सही घेऊन, वेगळ्या रकान्यात टिपून ठेवावं. देवनागरी नाव मात्र पूर्वीच्या नोंदीवरूनच यावं. आधारवरच्या मराठी ओळीवरून ते कधीही उतरवू नये. सगळ्या गावांचं काम एका दिवसात करा असं मी म्हणत नाही. वारसनोंदी होत राहतात, तसतशी खाती भरत जातील.

सेतू केंद्रांनाही हीच सूचना जावी: दाखल्यावरचं मराठी नाव सातबाऱ्यावरून किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घ्यायचं, आणि छापण्याआधी अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचं. आमच्या भागात वाचून दाखवलं तर म्हातारी माणसंही लगेच सांगतात, “बाळा, ळ आहे तो, ल नाही.”

आणि एक परिपत्रक हवं. मूळ कागदावर देवनागरी नाव अक्षरशः एकच असेल, फरक फक्त इंग्रजी प्रतीत असेल, आणि अनुवादकाने स्पेलिंग कुठून घेतलं ते सही-शिक्क्यानिशी लिहिलं असेल, तर आपल्या अखत्यारीतल्या कुठल्याही कार्यालयाने एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र मागू नये. देवनागरीतच फरक असेल तिथे जरूर मागावं.

मी वापरतो त्या नामतक्त्याचा कोरा नमुना पत्रासोबत जोडला आहे. एका पानाचा आहे. आपल्या खात्यातल्या कुणी तो रावेर, चोपडा किंवा नवापूरच्या एखाद्या सजात महिनाभर वापरून पाहायचा ठरवला, तर मी स्वखर्चाने येऊन बसायला तयार आहे.

आपला नम्र,
जळगावचा एक अनुवादक