हरवलेलं आय-कार्ड आणि तीन दिवसांचा कन्सेशन फॉर्म : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात माझी सारी नोकरी झाली. शेवटची काही वर्षं मी कार्यालयीन अधीक्षक होते. रेल्वे कन्सेशनची पुस्तकं, आय-कार्डांचं रजिस्टर आणि बोनाफाईडचे अर्ज माझ्याच टेबलावर असायचे. लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याचं आय-कार्ड हरवलं की तो किती ठिकाणी अडकतो, हे मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे. यातला मोठा भाग आपल्या विभागाच्या एका परिपत्रकाने सुटू शकतो, म्हणून हे पत्र.

माझ्या ओळखीच्या घरातल्या एका मुलीचंच उदाहरण सांगते. ती बदलापूरला राहते आणि दादर परिसरातल्या एका महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी संध्याकाळी गर्दीच्या गाडीत तिचं आय-कार्ड पडलं. पास मोबाईलच्या कव्हरमध्ये होता, तो वाचला. त्याची मुदत गुरुवारपर्यंत होती. पास आहे म्हणजे निदान तीन दिवस चिंता नाही, असं घरच्यांना वाटलं. पण रेल्वेच्या पासावर ओळखपत्राचा क्रमांक छापलेला असतो आणि ते ओळखपत्र सोबत असल्याशिवाय पास ग्राह्य धरला जात नाही. तिच्या पासावर कॉलेजच्या कार्डाचा क्रमांक होता. टीसीने अडवलं असतं, तर पास असूनही तिची गणना विनातिकीट प्रवाशांत झाली असती आणि भाड्यावर किमान अडीचशे रुपये दंड पडला असता. म्हणून मंगळवारपासूनच ती रोज पूर्ण भाड्याचं रिटर्न तिकीट काढू लागली.

मंगळवारी कॉलेजात तिला सांगितलं गेलं, ‘आधी पोलिसांचा दाखला आण, मग दुय्यम आय-कार्डाचा अर्ज घेऊ.’ जवळच्या पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं की वस्तू गाडीत हरवली आहे, तेव्हा लोहमार्ग पोलिसांकडे जा. स्टेशनवर ती आधी आरपीएफच्या चौकीत गेली, कारण खाकी वर्दीतले दोन वेगळे विभाग तिथे शेजारी शेजारी बसतात हे तिला माहीत नव्हतं. हरवल्याची नोंद आरपीएफ करत नाही, ती लोहमार्ग पोलीस करतात. तिथे पोचल्यावर विचारलं गेलं, कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये हरवलं? हद्द त्यावर ठरते. बदलापूरला उतरल्यावर जिला कार्ड गेल्याचं कळलं, ती काय सांगणार? अखेर बुधवारी संध्याकाळी एक शिक्का मारलेला कागद तिच्या हातात पडला.

त्या कागदावर काय असतं, हे कृपया पाहावं. ‘अर्जदाराने कळवल्यानुसार अमुक वस्तू गहाळ झाली आहे’ एवढंच. मुलीनेच सांगितलेलं पोलिसांनी लिहून घेतलेलं असतं. ती त्या कॉलेजची विद्यार्थिनी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही आणि पोलिसांना ते ठरवताही येणार नाही. तो पुरावा फक्त कॉलेजकडे आहे. प्रवेश अर्जावर तिचा फोटो आणि सही आहे, जनरल रजिस्टरला नोंद आहे, फी भरल्याची पावती आहे, विद्यापीठाने दिलेला पीआरएन आहे. हरवलेलं कार्ड याच नोंदींवरून छापलेलं होतं. ते पुन्हा छापायला बाहेरच्या कुणाच्याही दाखल्याची गरज नाही.

गुरुवारी तिच्याकडे प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला आहे. त्यावर टंकलेखनाचे आणि नोटरीचे पैसे वेगळे. साध्या आय-कार्डासाठी हा खर्च एका विद्यार्थ्यावर पडतो. खुद्द शासनाने मार्च २०१५ मध्ये ठरवलं होतं की कायद्याने बंधनकारक नसेल तिथे प्रतिज्ञापत्र मागू नये, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच साक्षांकित केलेल्या प्रती घ्याव्यात. शासकीय कार्यालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्कही माफ आहे. आय-कार्डासाठी प्रतिज्ञापत्र घ्या असं कुठला कायदा सांगतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी दाखवलेलं नाही. एका कॉलेजने सुरू केलं म्हणून दुसऱ्याने केलं, एवढंच.

आता कन्सेशनकडे येते. आमच्याकडे रेल्वेकडून येणाऱ्या कन्सेशन फॉर्मच्या पुस्तकात प्रत्येक पानाला क्रमांक असायचा. फॉर्मवर विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, वर्ग, राहत्या ठिकाणचं स्टेशन, कॉलेजचं स्टेशन, मासिक की त्रैमासिक, आधीच्या पासाचा क्रमांक आणि तो संपण्याची तारीख भरायची असते. खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. एका अक्षराची खाडाखोड झाली तरी तिथे प्राचार्यांची वेगळी सही लागते, नाहीतर बुकिंग क्लार्क फॉर्म परत करतो. त्याचं चुकत नाही, कारण असे फॉर्म बाहेर विकले गेल्याचे प्रकार घडलेले आहेत. फॉर्मची मुदत दिल्या तारखेपासून फक्त तीन दिवस.

म्हणून कन्सेशनच्या खिडकीवर कॉलेजात पहिला प्रश्न असतो, ‘आय-कार्ड दाखव.’ ते नसेल तर फॉर्म नाही. दुय्यम कार्ड छापण्याचं काम बहुतेक कॉलेजं बाहेरच्या माणसाला देतात आणि तो चार-सहा अर्ज साठल्यावरच छापून आणतो. या मुलीचा पास गुरुवारी संपला आणि कार्ड हातात आलं ते पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. फॉर्मवर प्राचार्यांची सही शनिवारी दुपारी झाली. रविवारी ती स्टेशनवर गेली, तेव्हा पास संपल्याच्या तारखेत गिरवलेला आकडा दिसला म्हणून फॉर्म परत आला. सोमवार हा तिसरा दिवस. सकाळी कॉलेज उघडताच प्राचार्यांची सही मिळवली, म्हणून संध्याकाळी पास निघाला. प्राचार्य त्या दिवशी विद्यापीठात बैठकीला गेले असते, तर पुस्तकातलं ते पान रद्द करून सगळं पुन्हा करावं लागलं असतं.

आणखी एक अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुय्यम कार्ड देताना काही कॉलेजं नवा क्रमांक देतात. समजा विद्यार्थ्याकडे त्रैमासिक पास आहे आणि त्याचे दोन महिने बाकी आहेत. पासावर जुना क्रमांक, हातात नव्या क्रमांकाचं कार्ड. टीसीच्या दृष्टीने हा पास त्या मुलाचा नाही. त्रैमासिक पासासाठी मासिकाच्या २.७ पट रक्कम एकदम भरलेली असते आणि ती रेल्वे परत देत नाही. हरवलेल्या पासाचीही दुसरी प्रत मिळत नाही. त्यामुळे दुय्यम कार्डावर जुनाच क्रमांक ठेवून वर ‘दुय्यम’ असा शिक्का मारणं, ही अगदी छोटी गोष्ट त्या मुलाचे दोन महिन्यांचे पैसे वाचवते. हरवलेल्या कार्डाचा गैरवापर होईल अशी भीती असेल, तर रजिस्टरात पहिलं कार्ड रद्द केल्याची तारखेसह नोंद पुरते. परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षकाला ‘दुय्यम’ शिक्का दिसतोच.

महोदय, रेल्वे केंद्राची आहे, हे मी जाणते. टीसीने काय मानावं ते आपण ठरवू शकत नाही. पण वर सांगितलेल्या दिवसांपैकी बहुतेक दिवस महाविद्यालयाच्या कार्यालयात गेले आणि महाविद्यालयांना सूचना देणं आपल्या हातात आहे. पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने सर्व विद्यापीठांमार्फत एक परिपत्रक काढावं. दुय्यम ओळखपत्र फक्त स्वयंघोषणापत्रावर आणि कार्यालयातल्या नोंदी ताडून द्यावं. पोलीस दाखला व प्रतिज्ञापत्र मागू नये. क्रमांक जुनाच राहावा. अर्ज आल्याच दिवशी फोटो लावलेलं तात्पुरतं पत्र द्यावं आणि त्याच पत्रावर कन्सेशन फॉर्म मिळावा. कार्ड छापून यायला जास्तीत जास्त किती दिवस, हे परिपत्रकातच लिहिलेलं असावं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कितीतरी दाखल्यांना कालमर्यादा आहे, तशी अनुदानित महाविद्यालयांपुरती तरी या कार्डाला असावी.

प्राचार्यांच्या सहीबद्दलही एक विनंती. आमच्याकडे प्राचार्य नसले की फॉर्म थांबायचे. उपप्राचार्यांना किंवा एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाला सहीचा अधिकार देऊन त्यांच्या सहीचा नमुना रेल्वेकडे आधीच कळवून ठेवावा, असं आपल्या परिपत्रकात असेल तर कॉलेजं ते करतील. एरवी पुढाकार घ्यायला कुणी धजत नाही.

रेल्वेकडे आपल्या विभागाने दोन गोष्टींचा पाठपुरावा करावा. फॉर्मचे तीन दिवस मोजताना रविवार आणि सुट्ट्या धरू नयेत. आणि कार्ड हरवलेल्या विद्यार्थ्याचं तात्पुरतं पत्र, त्यावर जुन्या कार्डाचा क्रमांक असेल तर, चालू पासासोबत पंधरा दिवस ग्राह्य धरावं.

त्या पत्राचा मी वापरत असे तो मजकूर खाली देते. आपल्या विभागाला तो जसाच्या तसा घेता येईल :

‘प्रमाणित करण्यात येते की सोबतच्या छायाचित्रातील विद्यार्थी / विद्यार्थिनी या महाविद्यालयात ____ वर्गात शिकत असून पीआरएन ____ आहे. ओळखपत्र क्रमांक ____ दिनांक ____ रोजी हरवल्याचे स्वयंघोषणापत्र प्राप्त झाले आहे. त्याच क्रमांकाचे दुय्यम ओळखपत्र देण्यात येत आहे. तोपर्यंत हे पत्र ओळखपत्र म्हणून ग्राह्य धरावे. मुदत : दिनांक ____ पर्यंत.’

शिक्का असा मारावा की त्याचा अर्धा भाग फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल. म्हणजे फोटो बदलता येत नाही. पत्र तयार करायला दहा मिनिटं लागतात.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, मुंबई