डब्याच्या टेबलापलीकडच्या ताईंना

प्रिय ताई,

परवा जिंकल्याच्या आनंदात मी तुमचे आभार मानायचेच विसरले, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

इंदूरला बदलून आले तेव्हा डबा खाऊन झाला की मी नुसती खिडकीशी बसायचे. तुम्ही पोळीभाजीबरोबर जिरावणाची पुडी पुढे केलीत आणि मागोमाग चेकर्सचा पट. राजवाड्याजवळून आणलेली काळी-पांढरी बटणं, आणि 32 काळ्या घरांत पेन्सिलने लिहिलेले आकडे. खेळी करण्याआधी दर वेळी विचारायचात, "आता माझ्यावर काय मारायची सक्ती होते, सांग." मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

परवा माझी पांढरी बटणं 22, 23, 26 आणि 30 वर उरली होती, तुमची काळी 6, 12, 14 आणि 15 वर. खेळी माझी. 22 किंवा 23 वरचं बटण कुठेही सरकवलं तरी तुम्ही ते मारणार, हे दिसत होतं. निर्धास्त खेळी एकच, 30 वरून 25. माझं बोट त्या बटणावर गेलंही होतं. तेवढ्यात तुमचा रोजचा प्रश्न आठवला, आणि मी 23 वरचं बटण मुद्दाम 18 वर नेऊन ठेवलं.

15 वरच्या तुमच्या बटणाला ते मारता येईना, कारण पलीकडचं 22 माझ्या बटणाने अडवलेलं. 14 ला मात्र मारावंच लागणार होतं. शेजारचे काका म्हणाले, "नका मारू, सापळा आहे." तुम्हालाही तो दिसला होता, तुमचा चेहराच सांगत होता. तरी तुम्ही म्हणालात, "मारणं सक्तीचं आहे," आणि शांतपणे 14 वरून 23 वर उडी घेतलीत.

तिथून पुढे तुम्हाला माझं 26 मारून 30 वर उतरता आलं असतं, राजाही झाला असता. पण 30 भरलेलं होतं. त्या शेवटच्या ओळीतल्या बटणाला विनाकारण हलवू नकोस, हे तुम्हीच मला कितीदा बजावलं होतंत! मग माझं 26 उठलं. 23 मारून 19, 15 मारून 10, 6 मारून थेट 1. एक देऊन तीन घेतली. तुमचं 12 वरचं एकटं बटण उरलं.

माझा हात थरथरत होता. तेव्हा मी आधी गमावलेलं पांढरं बटण तुम्हीच उचललंत आणि माझ्या बटणावर ठेवून त्याचा राजा केलात.

ताई, मनापासून आभार. उद्या काळी बटणं मला द्या, पहिली खेळी मला करून बघायची आहे. आणि जिरावण मी आणते.

तुमची,
खिडकीपाशी बसणारी