सांध्यापासून बोटभर लांब

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता चारचौघांत लिहितेय, कारण चूकही मी चारचौघांतच केली होती.

बारावीच्या सुट्टीतली ती दुपार आठवते ना? एक मावशी लेकीच्या फीसाठी आपल्या दुकानात बांगडी मोडायला आल्या होत्या. काट्यावर बरोबर 12 ग्रॅम. तुम्ही म्हणालात, "कस लाव बघू." मी बांगडी कसोटीवर घासली, शेजारी 22 आणि 18 कॅरेटच्या नमुन्याच्या काड्यांनी रेघा ओढल्या आणि काचेच्या कांडीनं तिन्हींवरून तेजाब फिरवलं. 22 ची रेघ जागची हलली नाही. बांगडीची मात्र 18 च्या जोडीनं फिकी पडत गेली. "अठरा!" मी ठणकावून सांगितलं. मावशींचा चेहरा उतरला.

तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. बांगडी उन्हाकडे धरलीत आणि माझं बोट एका बारीकशा रेषेवर ठेवलंत. मी नेमकी डाक देऊन जोडलेल्या सांध्यावर घासली होती! डाक बांगडीच्या आधी वितळायला हवा, म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त घालतात. त्याचा कस अंगच्या सोन्यापेक्षा कमीच निघणार. मग सांध्यापासून बोटभर लांब घासायला लावलंत. वर नुसता मुलामा नाही ना, हे कळावं म्हणून आतल्या बाजूला कानशीनं किंचित खाच पाडून तिथलीही रेघ घेतलीत. दोन्ही रेघा 22 च्या काडीशी जुळल्या. 18 धरलं असतं तर त्या बांगडीत 9 ग्रॅम शुद्ध सोनं, 22 ला 11. माझ्या घाईपायी मावशींचं 2 ग्रॅम सोनं गेलं असतं.

त्या दुपारनंतर तुम्ही मला महिनाभर फक्त रेघाच ओढायला लावल्यात. लांबी सारखी, दाब सारखा, कारण जाड रेघ तेजाबात जास्त वेळ तग धरते आणि हलकं सोनं भारी वाटतं. तेव्हा मी किती कुरकुरले होते! (दगडावरचं सोनं मेणाच्या गोळ्यानं टिपून घ्यायचं काम मात्र आवडायचं.)

आणखी एका गोष्टीसाठी आभार. कुणी साडेएकवीस की बावीस म्हणून अडून बसलं की तुम्ही म्हणायचात, "इतकं बारीक दगड सांगत नाही, भट्टीला पाठवा." गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी तुमचं उत्तर तेच. परवा मीही एका काकांना हेच सांगितलं. ते गेले.

कसोटी आता माझ्याकडे आहे. तुमच्याकडची 18 ची काडी झिजून टोकाला आलीय. दिवाळीला येताना नवी घेऊन येईन. जुनी मात्र मोडीत टाकू नका, मला हवीय.

तुमची नात