नोटिशीत पायऱ्यांचाही आकडा लिहा

महोदय,

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची म्हणून सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या नोटिसा निघत आहेत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून गेल्या वर्षी मीही काढली आणि खाली ऐटीत लिहिलं, ‘सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्टची सोय आहे.’ व्हीलचेअरवरून आलेल्या काकू लिफ्टपर्यंत पोचल्याच नाहीत. पार्किंगमधून लिफ्टच्या दाराशी जायला तीन पायऱ्या आहेत. मी रोज चढतो, पण नोटीस लिहिताना त्या आठवल्या नाहीत. ‘उचलून नेतो’ म्हणत चौघे पुढे सरसावले. ‘मी काय कपाट आहे?’ म्हणून काकू घरी गेल्या.

यंदा टेप लावला. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर, तिन्ही मिळून ४५. उतार एकास बारा धरतात, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. फळी टाकली असती तर घसरगुंडीच झाली असती. म्हणून सभा पार्किंगमध्येच घेतली आणि नोटिशीत लिहिलं, ‘फाटकापासून सभेच्या जागेपर्यंत पायरी नाही. खालच्या स्वच्छतागृहाला मात्र एक पायरी आहे.’ हे दुसरं वाक्य कमिटीला खटकलं. पण ते वाचूनच काकूंनी यायचं ठरवलं, किती वेळ बसायचं तेही.

पुढे एक ओळ होती, ‘सहभागासाठी कोणती सोय लागेल ते चार दिवसांत फोनने किंवा मेसेजने कळवा.’ आधी नुसता फोन नंबर होता; ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी फोन कसा करायचा? दोन निरोप आले. एका कर्णबधिर जोडप्याला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा होता. दुसरे आजोबा. त्यांची श्रवणशक्ती साठीनंतर गेली, त्यांना ती भाषा येतच नाही. त्यांना बोललेलं पडद्यावर लिहून हवं होतं. मोबाइलची आपोआप उमटणारी अक्षरं आम्ही करून पाहिली. एक जण बोलतो तोवर ठीक, पण आमच्या सभेत तीन जण एकदम बोलतात. शेवटी एका मुलीने लॅपटॉपवर मुद्दे आणि ठराव टाइप केले. शब्दन् शब्द नाही, पण आजोबांनी देखभाल खर्चावर प्रश्न विचारला.

सभा दोन तासांची, म्हणून दुभाषी दोन लागले. साधारण वीस मिनिटांनी ते आलटून पालटून उभे राहतात. विषयपत्रिका आणि ताळेबंद त्यांना आधी पाठवावा लागतो, नाहीतर ‘सिंकिंग फंड’ला ते अडतात. वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी देतात, त्यातले चार दिवस उत्तरांत गेले, उरलेल्या दहांत दुभाषी मिळाले ते जेमतेम. एक चूक तरीही झालीच. प्रोजेक्टरसाठी दिवे मालवले आणि दुभाष्याचे हात दिसेनात. जोडप्याने मोबाइलची बॅटरी त्यांच्यावर धरली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात वेळ आणि स्थळ छापता. आयोजकांकडून दारापर्यंतच्या पायऱ्या किती तेही मागवून छापाल का?

— एक सोसायटी सचिव, कोथरूड, पुणे