भाडेकपातीचा अर्ज कसा लिहावा?

प्रिय मित्र सुधीर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शेजारच्या मोकळ्या खोल्यांचे नूतनीकरण घरमालकांनी काढले आहे आणि तुझ्या कामाच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच दिवसभर ब्रेकर चालतो, हे वाचून वाईट वाटले. भाडे कमी करून मागण्याचा तुझा विचार मला रास्त वाटतो. मात्र “फार त्रास होतो, निम्मे भाडे घ्या” असे लिहिलेस, तर घासाघीस सुरू होईल आणि ती तुला जमत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

त्यापेक्षा हिशेब मांड. पूर्ण भाडे शंभर धरले आणि त्यात कामाच्या खोलीचा वाटा तीस मानला, तरी रात्री ती खोली तुझ्या उपयोगी पडतेच, म्हणून निम्मेच, म्हणजे पंधरा धर. धुळीमुळे गॅलरीत कपडे वाळत घालता येत नाहीत, त्याचे पाच मिळवलेस की वीस होतात. पण हे वीस केवळ आवाजाच्या दिवसांपुरते लागू होतात. तीस दिवसांच्या महिन्यात अठरा दिवस तसे गेले असतील, तर कपात बारा टक्के येते. आकडा लहान दिसेल, पण तो खोडून काढणे अवघड जाईल.

दिवस मोजताना एक गोष्ट ध्यानात घे. जुन्या फरशा फोडणे आणि नळांसाठी भिंतीत खाचा पाडणे यांचा आवाज सर्वांत जास्त. पुढे प्लास्टर व वॉटरप्रूफिंग सुकेपर्यंत शांतता असते, आणि तेवढ्यात काम संपले असे समजून आपण नोंद ठेवणे सोडतो. नव्या फरशा कापायला ग्राइंडर आला की पुन्हा तेच सुरू होते. म्हणून रोज तारीख, सुरू होण्याची व थांबण्याची वेळ आणि कोणती खोली वापरता आली नाही, एवढे लिहून ठेव. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणावर फार विसंबू नकोस, कारण फोन मोठा आवाज आपणहून दाबतो आणि ऐकणाऱ्याला तो किरकोळ वाटतो.

उत्तर येईपर्यंत भाडे पूर्ण आणि वेळेवर भर, सोबत “कपातीची मागणी कायम ठेवून” असे लेखी कळव. परस्पर रक्कम कापलीस, तर थकबाकीदार तू ठरशील आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. अनामत रकमेतून वळते करून घेण्याची भाषाही नको.

घरमालक तयार झाले, तर कपात कोणत्या तारखेपासून आणि काम संपण्याच्या कोणत्या खुणेपर्यंत, हे दोघांच्या सहीने लिहून घे. मूळ भाडे बदललेले नाही, हेही त्यात असू दे. त्यांची खरी धास्ती तीच असते. ते पैशांवर अडूनच बसले, तर ब्रेकर व ग्राइंडर ठरावीक तासांतच चालवण्याची हमी माग, कारण तुझ्या बैठका त्या तासांबाहेर ठेवता आल्या, तर तुझा निम्मा प्रश्न सुटतो.

अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव, पाठवण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालतो.

तुझा मित्र,
अविनाश