रस्त्यात भेटलेल्या दुःखिताशी काय बोलावं?

मा. संपादक,
स. न.

दुखवट्याला घरी जाण्याची रीत आपल्याला ठाऊक असते. साधे कपडे घालायचे, हात जोडून बसायचं आणि निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. पण तेरावं होऊन आठवडा झालेला असतो आणि तीच व्यक्ती दादर स्टेशनबाहेर भाजीची पिशवी घेऊन समोर येते, तेव्हा काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. मग काहीजण फोन कानाला लावतात, काही पलीकडच्या फुटपाथवर जातात. समोरच्याला ते दिसतं, हे लक्षात असू द्यावं.

समजा, पूर्वीच्या चाळीतल्या काकू भेटल्या. काका जाऊन तीन आठवडे झाले आहेत. आधी त्यांना माणसांच्या लोंढ्यातून बाजूला घ्यावं, एखादं बंद शटर असलेलं दुकान बघावं. धक्के खात उभं राहून कुणाला मनातलं बोलता येत नाही. लोकल गाठायची असेल तर तेही लगेच सांगावं: “काकू, मला गाडी पकडायचीय, पण पाच मिनिटं आहेत.” आधी सांगितलेली घाई खुपत नाही. बोलता बोलता घड्याळाकडे गेलेली नजर मात्र खुपते.

मग दोनच वाक्यं पुरतात. “काकांचं कळलं. फार वाईट वाटलं.” काकांची एखादी खरी आठवण असेल तर तिसरं वाक्य: “गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.” गेलेल्या माणसाचा विषय टाळण्याकडे आपला कल असतो, कारण काढला तर रडू येईल अशी भीती वाटते. पण काकूंच्या मनात तो विषय चाललेलाच असतो. उलट तेराव्यानंतर घरी येणारी माणसं कमी होतात आणि काकांबद्दल बोलायला कुणी उरत नाही.

एवढं बोलून थांबावं. ही शांतता चार-पाच सेकंदांचीच असते, पण आपल्याला ती सोसत नाही आणि घोळ तिथेच होतो. “वय झालंच होतं”, “सुटले बिचारे”, “निदान हाल तरी झाले नाहीत”, “आता मुलांकडे बघून सावरा” ही वाक्यं आपली अवघड वेळ निभावण्यासाठी बाहेर पडतात. ‘सुटले’ असं काकू स्वतः म्हणाल्या तर मान डोलवावी, आपण होऊन म्हणू नये. “कसं झालं हो?” हे तर टाळाच. आपण पहिल्यांदा विचारत असतो, पण त्यांनी रुग्णालयातली ती रात्र तोवर तीस-चाळीस वेळा सांगितलेली असते. “फ्लॅट नावावर झाला का?” असं विचारणारेही असतात, त्यांच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

शांततेनंतर काकू जिकडे जातील तिकडे आपण जावं. त्या आजारपणाबद्दल बोलल्या तर ऐकावं. “मेथी काय महाग झालीय” म्हणाल्या तर मेथीबद्दल बोलावं, विषय पुन्हा काकांवर ओढू नये. डोळे भरून आले तर “रडू नका” न म्हणता गर्दीकडे पाठ करून असं उभं राहावं की येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांचा चेहरा दिसणार नाही.

बातमी माहीत नसताना “काका कसे आहेत?” असं विचारलं गेलं, तर “मला माहीत नव्हतं, माफ करा” हे एकदाच म्हणावं. तेच पुन्हा पुन्हा म्हटलं की काकूंनाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

“काही लागलं तर सांगा” यात खोटं काही नसतं, पण त्यात विचारण्याचं ओझं त्यांच्यावरच पडतं आणि कुणी सांगत नाही. या सुमारास बँक, विमा, पेन्शन, सोसायटी अशा खेपा सुरू होतात आणि जागोजागी मृत्यूच्या दाखल्याची प्रत द्यावी लागते. म्हणून हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असं विचारावं: “गुरुवारी सकाळी मी मोकळी आहे. बँकेत सोबत येऊ का?” खरंच जमणार असेल तरच. ‘नको’ म्हणाल्या तर आग्रह करू नये.

निघताना ‘येतो’ची पंचाईत रस्त्यातही होते. “जपून जा, काकू” एवढं चालतं. हात हातात घेण्याइतकी ओळख असेल तर हात धरावा, मग तेवढे शब्दही नकोत. पुढच्या वेळी भेटल्यावर सांत्वन पहिल्यापासून सुरू करू नये. ते एकदा झालेलं असतं. तेव्हा मेथीपासून सुरुवात केली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, दादर