मोठा जेट टाकू की नको, मंत्रीमहोदय?

माननीय पेट्रोलियममंत्री,
भारत सरकार.

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी मुलीला मागे बसवून घरी येत होतो. चढावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. खाली वाकून पाहिलं तर कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोलची धार लागली होती आणि थेंब गरम इंजिनाच्या बाजूला उडत होते. मुलीला आधी वीस पावलं लांब उभं केलं, मग कॉक बंद केला. हात थरथरत होते. ते थांबल्यावर हे पत्र लिहायचं ठरवलं.

गाडी २०१९ची आहे. बीएस-४, कार्ब्युरेटरवाली, हप्ते फेडून घेतलेली. घेतली तेव्हा पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल नव्हतं, आज तेच मिळतं. पेट्रोलमध्ये काय असेल हे तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि आजही कुणी विचारत नाही.

मिस्त्रीने माझ्यासमोर कार्ब्युरेटर उघडला. खालच्या वाटीत पांढरट भुकटी बसली होती. सुईच्या टोकाचं रबर फुगलं होतं, त्यामुळे सुई वर जाऊन पेट्रोल अडवेना. जुनं आणि नवं रबर त्याने तळहातावर शेजारी ठेवून दाखवलं, फरक आंधळ्यालाही कळला असता. आपल्या मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं की काही जुन्या वाहनांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर थोडे रबरी भाग बदलावे लागतील आणि तो खर्च किरकोळ आहे. भाग किरकोळ आहे हे मला मान्य आहे. पण तो बिघडल्याचं गाडीवाल्याला कळतं ते गरम इंजिनावर पेट्रोल सांडल्यावर, आणि त्या वेळी मागे कोण बसलेलं असतं याचा विचार त्या खुलाशात नाही.

आता मायलेज. मी दर वेळी टाकी काठोकाठ भरतो आणि आकडे वहीत लिहितो. पूर्वी लिटरला ५४ किलोमीटर पडायचे, गेल्या वर्षभरात ५०च्या वर सरासरी गेलेली नाही. गाडी जुनी होतेय, सगळा दोष इथेनॉलचा नसेल. पण हिशेब साधा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. पाचवा हिस्सा इथेनॉल घातलं की लिटरमागे जवळजवळ सात टक्के ऊर्जा कमी. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरतो, म्हणजे मला महिन्याला पावणेदोन लिटर जास्त लागतात. वर्षाला दोन हजारांहून जास्त रुपये. तुमच्या लेखी ती 'किरकोळ घट' आहे, माझ्या घरी तो मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आहे.

पण माझं खरं भांडण धुराबद्दल आहे, कारण या सगळ्याचं समर्थन तुम्ही धुरावरूनही करता.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या, इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर ही गोष्ट ओळखतो आणि तेवढं इंधन वाढवून देतो. कार्ब्युरेटरला तसं डोकं नसतं. इंधन ज्यातून जातं त्या जेटचं भोक जेवढं, तेवढंच इंधन जाणार. म्हणजे जुन्या गाडीत हवा जास्त आणि इंधन कमी, मिश्रण पातळ. इंजिन तापतं, उचल जाते, प्लग पांढराफटक पडतो. ओळखायची खूण मिस्त्रीने सांगितली: "चोक अर्धा ओढल्यावर गाडी बरी पळते ना? मग तिला पेट्रोल कमी पडतंय." माझी पळते.

आता गंमत नव्हे, संताप यावा अशी गोष्ट. याच गाडीचा पीयूसी पूर्वीपेक्षा चांगला आला. कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्क्यांवरून ०.६वर. कारण उघड आहे, मिश्रण पातळ झालं की मोनॉक्साइड घटतोच. निती आयोगाच्या जून २०२१च्या अहवालात दुचाकींचा मोनॉक्साइड निम्म्याने कमी होतो असं लिहिलंय, ते खरंच असणार. पण त्याच अहवालात नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठोस फरक दिसला नाही आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी वायू वाढतो, असंही आहे. पीयूसीच्या यंत्रात पेट्रोल गाडीचे हे दोन्ही मोजलेच जात नाहीत. गाडी जागेवर उभी करून मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात आणि कागद हातात देतात. माझी गाडी चढावर तापते तेव्हा तिच्या धुरात काय असतं, हे तुमच्या कुठल्याच कागदावर नाही.

मिस्त्री म्हणतो, "एक नंबर मोठा जेट टाकतो, गाडी सुधारेल." सुधारेलही. उचल येईल, इंजिन थंड राहील. पण मिश्रण जाड झालं की मोनॉक्साइड परत वर जाणार. म्हणजे जुन्या गाडीत इंजिन तरी वाचवता येतं किंवा धुराचा तो आकडा तरी. तुम्ही भाषणात दोन्ही सांगता. गाडीला काही होत नाही हेही आणि धूर निम्मा झाला हेही. माझ्या गाडीत तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत नाहीत.

इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ आहे हे तुमच्याकडून अनेकदा ऐकलं. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलेलं आहे त्याला त्याचा फायदा. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कारखान्यात ठरलं, ते मंत्रालयाच्या पत्रकाने वाढत नाही.

उसाला, मक्याला भाव मिळू नये असं मी म्हणत नाही. परदेशातून तेल कमी यावं हेही पटतं. पण त्या २०२१च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल मिळत राहावं आणि ऊर्जा कमी म्हणून मिश्रणाचा भाव कमी असावा. अहवाल तुमच्याच लोकांनी लिहिला. वीस टक्के मिश्रणाचं २०३०चं उद्दिष्ट २०२५वर आणण्याचं काम धडाक्यात झालं. गाडीवाल्याच्या बाजूची दोन वाक्यं तेवढी कागदावर राहिली. दरवेळी असंच होतं. योजनेची तारीख पाळली जाते आणि माणसाला दिलेला शब्द पुढच्या समितीकडे जातो. तक्रार केली की पंपवाला कंपनीकडे बोट दाखवतो, तेल कंपनी गाडीच्या कंपनीकडे, आणि गाडीची कंपनी पुस्तिकेचं ते पान उघडते ज्यावर दहा टक्क्यांपर्यंत असं छापलंय.

मागायचं फार नाही. पंपाच्या एका नळीवर दहा टक्क्यांचं पेट्रोल द्या. प्रत्येक नळीवर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहा. मी काल काचेच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवलं. थोड्या वेळाने खालचा थर २८ मिलीवर स्थिरावला, म्हणजे इथेनॉल पाण्यात उतरलं. जे मला घराबाहेरच्या ओट्यावर मोजता येतं ते पंपावर लिहायला काय अडचण आहे? आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकी रस्त्यावर चालवून, तापलेल्या इंजिनावर, नायट्रोजन ऑक्साइड आणि अल्डिहाइडसकट धूर मोजा आणि ते आकडे जाहीर करा.

गाडी अजून गॅरेजमध्ये आहे. जेट बदलायचा की नाही, हे मिस्त्री उद्या सकाळी विचारणार आहे. त्याला काय सांगू, ते कळवा.

आपला,
एक दुचाकीस्वार